कोपऱ्याचा दगड

आमच्या वाड्याचा कोपरा तिसऱ्यांदा फुटला तेव्हा मी वरच्या माडीवर होते. आवाज फार मोठा झालाच नाही, म्हंजे धडाम वगैरे नाही, नुसता खर्रर्र करून घासल्यासारखा, आणि मग खाली कुणीतरी ओरडलं, मग टेम्पो बंद झाला. खाली येऊन बघते तर जोत्याच्या वरच्या थरातला एक काळा चिरा चार बोटं मागं सरकलेला आणि त्याच्या वरची पांढरी माती भुरभुर खाली सांडायलाय, पिठाची पिशवी फाटावी तशी. टेम्पोवाला अण्णा उतरून डोक्याला हात लावून उभा. तो काय मुद्दाम करणारा माणूस नाही. आमच्या गल्लीत कापडाच्या गठाणी घेऊन तो बरीच वर्षं येतो, मला अक्का म्हणतो, त्याच्या घरी तेलुगू बोलतात. म्हणाला, "अक्का, हिकडनं वळताना मागचं चाक दिसतच नाही बगा."

त्या एका वाक्यानं मला कामाला लावलं असं म्हणायला हरकत नाही. जुन्या घरांची दुरुस्ती हाच माझा धंदा आहे, दहा-बारा वर्षं चुना, माती, लाकूड यातच हात आहेत, पण गाड्यांचा विचार मी कधी नीट केला नव्हता. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "गाड्यांच्या हादऱ्यांनी वाडे खिळखिळे होतात." सगळे हेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

आधी गल्ली सांगते. सोलापुरात मधल्या मारुतीपासून चालत तीन-चार मिनिटं, चाटी गल्लीच्या मागच्या अंगाला. नाव लिहीत नाही, इथल्या पन्नास गल्ल्या अशाच आहेत. एका तोंडाला बऱ्यापैकी रुंद रस्ता, दुसऱ्या तोंडाला जरा अरुंद, आणि मधे काटकोनात एक वळण. आमच्या दारासमोर रुंदी साडेदहा फूट, वळणावर ९ फूट. आमचा वाडा बरोब्बर त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्याला. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची जाड भिंत, त्याच्यावर माळवद. भिंत बाहेरून दगडाची दिसली तरी पोटात सगळा माती-खडीचा भरणा असतो, दोन बाजूंना दोन पडदे आणि मधे गाभा. अशा भिंतीला एक जागी सरळ ठोसा बसला की बाहेरचा पडदा आतल्या गाभ्यापासून सुटतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. बोटाच्या पेरानं टकटक करून बघायचं, भरीव जागी ठस्स आवाज येतो, सुटलेल्या जागी मडक्यासारखा. आमच्या कोपऱ्याला जमिनीपासून चार फुटापर्यंत मडकं वाजत होतं.

आता हादऱ्यांचं. जर्मनीचं डीआयएन ४१५० नावाचं एक मानक आहे, जुन्या नाजूक इमारतींसाठी त्यात पायाशी सेकंदाला ३ मिलिमीटर एवढा कंपनाचा वेग सुरक्षित धरतात, कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी. सपाट रस्त्यावरनं हळू जाणारा अण्णाचा छोटा हत्ती टेम्पो त्याच्या आसपास सहसा फिरकतही नाही. हादरा वाढतो तो चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा किंवा स्पीडब्रेकरवरनं उतरतं तेव्हा. म्हणून मला एका गोष्टीची भीती वाटते, गल्लीतले लोक वेगाला वैतागून जुन्या भिंतीच्या अगदी पुढं स्पीडब्रेकर मागून घेतात आणि दिवसातनं दोनशे वेळा त्या भिंतीला ठोके बसायची सोय स्वतःच करून ठेवतात. आमच्या गल्लीतही मागणी होती, मी हात जोडून थांबवली. वेग काटकोनाच्या वळणानं आपोआप कमी होतोच की.

म्हंजे हादरा नंतर. आधी धडक, आणि धडकेच्याही आधी पाणी, त्याच्याकडं पुढं येते.

अण्णाचं वाक्य डोक्यात होतं. मग एका रविवारी दुकानं बंद असताना मी आणि माझा चुलतभाऊ, आम्ही दोघांनी एक प्रयोग केला. एका बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडलं, पाणी भरलं आणि ती सुतळीनं छोट्या हत्तीच्या मागच्या डाव्या चाकाशेजारी लटकवली, दुसरी बाटली पुढच्या डाव्या चाकाशी. अण्णाला म्हणलं, रोज वळवता तशी वळवा. समोरच्या आजी गॅलरीतनं बघत होत्या, "काय करलालाव रे पोरांनो हितं?" म्हणून विचारत होत्या. गाडी गेली आणि काँक्रीटवर दोन ओल्या रेघा उमटल्या. पुढच्या चाकाची रेघ गल्लीच्या मधनं, मागच्याची कोपऱ्याकडं आत आलेली. दोन्हीतलं अंतर टेपनं मोजलं तर वळणाच्या पोटात पावणेदोन फुटाच्या आसपास निघालं.

हे काही जादू नाही, साधं गणित आहे. छोट्या हत्तीची पुढची-मागची चाकं साधारण ७ फुटाच्या अंतरावर, गाडी वळते तेव्हा तिचं वर्तुळ १४ फुटाच्या त्रिज्येचं, मग मागचं चाक पुढच्यापेक्षा आतनं जाणारच, ते पुढच्याच्या मार्गावरनं जाऊच शकत नाही. चाकांमधलं अंतर जेवढं लांब तेवढं ते आत जास्त खातं. मोठा टेम्पो असला तर हे अंतर अजून बरंच वाढतं. त्यामुळं गाडी ५ फूट रुंद आहे आणि गल्ली ९ फूट, मग ४ फूट शिल्लक की, हा हिशोब सरळ गल्लीत चालतो, वळणावर चालत नाही. वळणावर त्याच गाडीला साडेसात फूट लागतात आणि त्यात कुणाची मोटारसायकल समोर उभी असली की ड्रायव्हर आपोआप आतल्या कोपऱ्याला चिकटतो, कारण मोटारसायकलला लागलं तर भांडण आहे, भिंतीला लागलं तर कुणी बोलत नाही.

आणि खरी गंमत इथं कळली. अण्णा रुंद तोंडातनं आत येऊन आमच्या कोपऱ्याला डावीकडं वळायचा. आपल्याकडं ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. म्हंजे आतला कोपरा, आमचा वाडा, त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या टोकाला. तो बघणार कुठनं? मग मी त्याला म्हणलं, उलट करून बघू, दुसऱ्या अरुंद तोंडातनं आत ये आणि रुंद तोंडातनं बाहेर पड. कोपरा तोच, वळण तेच, पण आता ते उजवं वळण झालं. आतली बाजू ड्रायव्हरच्या अंगाला आली. काच खाली करून मान बाहेर काढली की मागचं चाक आणि आमचा दगड दोन्ही दिसतात. बाटल्या परत बांधल्या. मागचं चाक आत खातं तेवढंच, पावणेदोन फूटच, पण रेघ कोपऱ्यापासून हातभर लांब पडली, कारण दिसतंय म्हणल्यावर अण्णानं वळण घ्यायच्या आधी गाडी समोरच्या भिंतीकडं घेतली होती. माणूस जे बघू शकतो ते वाचवतो.

यासाठी गल्ली एकेरी करायची गरज पडली नाही. एकेरी करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली आदेश लागतो, सोलापुरात तो पोलीस आयुक्तालयातनं येणार, मग पाट्या, मग हरकती, आणि पायी-सायकलवाल्यांनाही लांबून फिरवायचं कशाला. आम्ही फक्त माल आणणाऱ्या गाड्यांना सांगितलं. त्या असतात किती, गल्लीत दहा-बारा दुकानांना मिळून सात-आठ ठरलेले टेम्पोवाले. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला जाऊन चहा पाजून सांगितलं. दोघं-तिघं तरीही जुन्याच बाजूनं यायचे, हळूहळू तेही वळले, कारण त्यांच्याही गाडीचा पत्रा चेंबतच होता.

पण मग दुसरी अडचण उभी राहिली, अक्षरशः उभी. अरुंद तोंडातनं टेम्पो आत घ्यायचा तर तिथं मोटारसायकली लागलेल्या. माझा स्वतःचा समज होता की ही गिऱ्हाइकांची गर्दी आहे, दुकानदारांचाही तोच समज, "गाड्या हटवल्या तर गिऱ्हाईक पार्क चौकात पळेल" म्हणून. मग चुलतभावानं एक मंगळवार काढला. दुकानातल्या एका वहीत सकाळी साडेदहापासून दर अर्ध्या तासाला उभ्या गाड्यांच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे, बस. पार्किंगचा अभ्यास करणारे लोक जगभर हेच करतात, वेगळं काही लागत नाही, वही-पेन आणि चिकाटी. संध्याकाळी वही उघडली तर ३१ गाड्यांपैकी २२ अशा निघाल्या की ज्या अकराला होत्या त्या चारलाही तिथंच होत्या. एवढा वेळ कोण साडी घेतंय? त्या गाड्या आमच्याच होत्या. मालकांच्या, दुकानातल्या पोरांच्या, एक माझ्या काकाची. गिऱ्हाईक बिचारं दोन चकरा मारून कुठंतरी लांब लावून चालत येत होतं.

काकाला वही दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःची गाडी दुसऱ्या दिवसापासून घरीच ठेवली आणि चालत यायला लागला, घर दहा मिनिटांवर. सगळ्यांना ते जमणारं नव्हतं, जुळे सोलापुरातनं येणारी पोरं आहेत, होटगी रोडवरनं येणारी आहेत. त्यांच्यासाठी गल्लीबाहेर एका बंद पडलेल्या कारखान्याचं मोकळं अंगण महिन्याच्या भाड्यावर घेतलं, दुकानदारांनी मिळून. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, जवळजवळ दोन महिने, आणि भाडं कुणी किती द्यायचं यावरनं दोन सख्खे भाऊ अबोला धरून बसले ते अजून बसलेलेच आहेत.

जागेचं गणित असं की मोटारसायकल भिंतीला आडवी लावली तर गल्लीचे ६ फूट खाते, भिंतीला समांतर लावली तर अडीच. साडेदहातनं अडीच गेले, ८ राहिले. त्यात माल उतरवायला ५ फुटाचा टेम्पो उभा राहिला की ३ उरतात, माणूस जाईल, दुचाकी जाईल, रिक्षा नाही जाणार. म्हंजे टेम्पोसमोरच्या दहा-पंधरा फुटात तरी एकही गाडी नको, मग रिक्षापण सुटते. तेवढा एक तुकडा मोकळा ठेवायचं ठरलं. तिथं खांब रोवू या असं एकानं सुचवलं, मी नको म्हणलं. जुन्या जोत्याच्या पायाशी दीड-दोन फूट खोल खड्डा घेणं म्हंजे कोपरा वाचवायला गेलो आणि पायाच मोकळा केला असं होतं, शिवाय खाली जुनी दगडी मोरी आहे. खांबाऐवजी झाडांच्या दोन जड दगडी कुंड्या ठेवल्या, भिंतीपासून दीड फूट सोडून. अ‍ॅम्ब्युलन्स आली तर दोन माणसांत सरकतात, आम्ही सरकवून बघितल्या. पाटीसुद्धा भिंतीत ठोकली नाही, गल्लीच्या तोंडाला असलेल्या विजेच्या खांबालाच बांधली. एका ठोकलेल्या खिळ्याचं काय एवढं असं वाटतं, पण मातीच्या भिंतीत तो गंजतो, फुगतो आणि त्या भोकातनं पावसाळाभर पाणी आत जात राहतं.

मालाची वेळ हा यातला सगळ्यात चिवट भाग. कागदावर सोपं आहे, सकाळी ८ ते १० माल, नंतर नाही. दिल्लीत चांदनी चौकात २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या पट्ट्यात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्या बंद आहेत, माल त्याच्या बाहेरच्या वेळात. पण तिथं सरकारी फाटक आहे, इथं आमची आम्हीच ठरवलेली शिस्त. आणि आमच्याकडं अडचण अशी की आठ वाजता शटरच उघडलेलं नसतं. दुकान साडेदहाला उघडणार, माल घेणार कोण? पहिले दोन आठवडे गठाणी बंद शटरसमोर पडून, एक पावसात भिजली, ती कुणाची यावरनं वाद. शेवटी तोडगा निघाला तो हमाल मामांकडनं. ते सातलाच येतात, चाळीस वर्षांपासून गल्लीत आहेत, सगळ्यांचा विश्वास. माझ्या काकाच्या दुकानाची पुढची ओसरी सकाळी उघडी ठेवायची, किल्ली मामांकडं, सगळ्यांच्या गठाणी तिथं उतरायच्या, मामा पावतीवर सही घेणार-देणार आणि दुकानं उघडली की हातगाडीवरनं ज्याची त्याला. टेम्पो वीस मिनिटांत मोकळा होऊन निघून जातो, आधी तो दारोदार थांबत तास-दीड तास गल्लीत असायचा.

सुरत, भिवंडी, इचलकरंजीवरनं येणारा ट्रक कधी उशिरा पोचतो, मग टेम्पो बाराला येतो. त्या दिवशी तो आत घेत नाही, रुंद तोंडाशी थांबवायचा आणि तिथनं हातगाडी. अंतर दीडशे मीटर. हातगाडीचे जास्तीचे पैसे कुणी द्यायचे हा प्रश्न आला, दुकानदार म्हणतो ट्रान्सपोर्टनं द्यावेत, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो आमचा दर दारापर्यंतचाच होता, तुम्ही नियम बदलला. दोघंही आपल्या जागी बरोबर होते. निम्मे-निम्मे ठरले. मामांनी एक अट घातली, तोंडाशी असलेला गटारीचा उंचवटा सपाट करून द्या, भरलेली गाडी त्याच्यावरनं ओढताना कंबर जाते. ते आम्ही पहिल्या आठवड्यात केलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या योजनेतलं तेच काम सगळ्यात उपयोगाचं ठरलं असं मला वाटतं, कारण हातगाडी सहज चालायला लागल्यावर दुकानदार आपणहून म्हणायला लागले की आत कशाला घेता टेम्पो, तिथंच उतरवा.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र सगळं मोडलं. लग्नसराईतही मोडतं. तेव्हा आम्ही एवढंच धरून ठेवलं की वळणावर मोठा टेम्पो आणायचा नाही आणि रुंद तोंडाचे पहिले वीस मीटर कायम मोकळे. कारण अग्निशमनची मोठी गाडी ८ फुटाच्या आसपास रुंद, ती आमच्या वळणातनं येणारच नाही, कितीही मोटारसायकली हटवल्या तरी. ती तोंडाशी उभी राहणार आणि तिथनं पाइप आत ओढणार. कापडाच्या गल्लीत हे वीस मीटर सोडून बाकी कशावरही तडजोड होऊ शकते.

खरं तर सोलापूरला गल्ल्या मोकळ्या करणं काय नवीन आहे. संक्रांतीला गड्डा यात्रेच्या वेळी सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातनं निघतात तेव्हा मिरवणुकीच्या वाटेवर एक सायकल दिसत नाही, वरच्या वायरीसुद्धा बाजूला होतात. तेव्हा कुणी विचारत नाही की माझ्या दुकानाचं काय, सगळ्यांनी माल आधीच भरून घेतलेला असतो. मामा हेच उदाहरण देऊन लोकांना समजवायचे.

आता पाणी. आणि दगड.

काही वर्षांपूर्वी गल्लीत काँक्रीट झालं. ज्यांनी केलं त्यांचं नाव घेत नाही, पण जुनी फरशी न काढता तिच्यावरच ६ इंचाचा थर ओतला, भिंतीला थेट चिकटवून. त्याच्या आधीही डांबराचे थर बसलेच होते. दोन गोष्टी झाल्या. एक, जमिनीतली ओल आधी फरशीच्या सांध्यांतनं उडून जायची ती वाट बंद झाली, मग ती भिंतीतनं वर चढायला लागली, आणि जोत्याच्या वरच्या मातीत पांढरे क्षार फुटले. माती आतनं अशी सुटी झाली होती म्हणूनच अण्णाच्या एका घासणीनं चिरा चार बोटं मागं गेला. कोरड्या, घट्ट भिंतीला त्या वेगानं फक्त ओरखडा पडला असता.

दुसरी गोष्ट मला बाबांनी सांगितली. ते म्हणाले, "कोपऱ्याला दगड होता की. आम्ही त्याच्यावर बसायचो." कुठला दगड? मला तर रस्त्यातनं नारळाएवढं काहीतरी वर आलेलं दिसायचं, लहानपणापासून त्याला ठेच लागलेली. परवानगी काढायला चार महिने गेले. मग भिंतीलगतचं फक्त एक फुटाचं काँक्रीट काढलं, छिन्नी-हातोड्यानं, ब्रेकर लावू दिला नाही कारण शेजारीच सुटलेला पडदा होता. खाली जुनी फरशी लागली, ती तशीच ठेवली आणि वरच्या पट्टीत जाड खडी भरली, ओल उडायला. कोपऱ्याला खणत गेलो तसा तो दगड उघडा पडत गेला, दोन फूट उंच, गोल डोक्याचा, भिंतीपासून जरा बाहेर झुकवून उभा पुरलेला. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा भिंतीला लागू नये म्हणून चाकाला आधी हाच दगड बाहेर ढकलायचा. थरावर थर चढवत आपण त्यालाच गाडून टाकलं होतं आणि मग वाड्याला टेम्पो धडकतात म्हणून बोंबलत होतो.

त्याच्या रस्त्याकडच्या अंगाला गुळगुळीत झालेली एक आडवी खाच आहे, चाकांच्या लोखंडी धावेनं झिजलेली. बोट फिरवलं तर काचेसारखी लागते. चिरा आम्ही चुन्यात परत बसवला, आई तीन आठवडे रोज सकाळी त्याच्यावर ओलं पोतं टाकत होती, चुना घाईनं सुकला तर धरत नाही म्हणून. त्याच दिवसांत एकदा साडेआठला अण्णाची गाडी उजवीकडं वळत होती, तो मान बाहेर काढून बघत होता, मागचं चाक दगडाला हलकंच टेकलं आणि सरकून बाहेर गेलं. अण्णानं गाडी थांबवली, उतरून आधी दगड बघितला, मग आमची भिंत, मग चाक.

"काय नाही अक्का," म्हणाला, आणि मामांना हाक मारली.